शिफ्ट बदलून दिली, मग लेटरमधे हे लिहाच

बुटीबोरी, हिंगणा साइडच्या सुपरवायझर लोकांसाठी. कामगाराची शिफ्ट बदलायची रिक्वेस्ट अटींवर मंजूर केली की लेटरमधे नुसतं "1 जुलैपासून फर्स्ट शिफ्ट" लिहू नका भाऊ, कारण माणूस नाइटला असेल तर 30 जूनला रात्री 11 ला सुरू झालेली नाइट 1 जुलैला सकाळी 7 ला संपते आणि फर्स्ट पण 7 लाच लागते, म्हणजे बिचारा सलग सोळा तास उभा, नाहीतर घरी गेला तर गैरहजर.

असं लिहा: "शेवटची नाइट 29 जून रात्री 11 ते 30 जून सकाळी 7. 30 च्या रात्री ड्युटी नाही. 1 जुलै सकाळी 7 पासून 30 सप्टेंबरपर्यंत फर्स्ट शिफ्ट."

अट पण तशीच नेमकी पाहिजे. "गरज पडल्यास सेकंडला यावं लागेल" यावरूनच पुढे भांडणं होतात, आईच्या डायलिसिससाठी शिफ्ट मागितलेल्या माणसाने गरज कशी ओळखायची? त्यापेक्षा "दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सेकंड, दुपारी 3 ते रात्री 11" लिहा. नाइट अलाउन्स कधीपासून बंद तेही टाका, पगाराच्या दिवशी कळलं तर फार वाईट वाटतं. कामगाराची सही घ्या आणि एक कॉपी त्याच दिवशी टाइम ऑफिसला द्या, नाहीतर पंचिंगमधे जुनीच शिफ्ट दिसत राहते.