प्लास्टरच्या रेतीचा अंदाज: मामांची पाऊण ब्रास आणि भाच्याचा हिशोब

पवनीजवळच्या एका गावात दोन खोल्यांना आतून प्लास्टर करायचे होते. चाळीस वर्षे थापी चालवलेल्या मामांनी भिंतींवर नजर फिरवली, एका विटेवर तळहात घासला आणि म्हणाले, "पाऊण ब्रास रेती सांग." सोबत आलेल्या भाच्याने वहीत हिशोब मांडला, तर उत्तर जेमतेम ३८ घनफूट आले. पाऊण ब्रास म्हणजे ७५ घनफूट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. "मामा, तुम्ही जास्त सांगता," असे त्याने म्हणताच मामा हसले नाहीत; "चल, कुठे जाते ते पाहू," एवढेच म्हणाले.

आधी भाच्याचा हिशोब पाहू, कारण पद्धत तीच वापरायची आहे. प्रत्येक खोली १४ बाय ११ फूट, म्हणून चारही भिंतींची एकूण लांबी ५० फूट. उंची १० फूट, म्हणून क्षेत्रफळ ५०० चौरस फूट. दारे-खिडक्या वजा करून आणि त्यांच्या कडांचे प्लास्टर धरून एका खोलीचे ४५०, दोन्हींचे ९०० चौरस फूट झाले. जाडी १२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ०.०३९४ फूट. गुणाकार केला की ओला मसाला ३५ घनफुटांहून थोडा जास्त येतो. सुकी रेती आणि सिमेंट मिसळून पाणी घातले की आकारमान घटते, म्हणून सुक्या मालासाठी त्याला १.३३ ने गुणायचे: ४७ घनफूट. प्रमाण १:४ असल्याने त्यातले पाचपैकी चार भाग रेती, म्हणजे ३८ घनफूट. आकडेमोडीत चूक नव्हती.

चूक भिंतीत होती. मामांनी भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणली, सर्वांत पुढे आलेल्या विटेवर १२ मिलिमीटर जाडी राहील अशी ती ठेवली आणि भाच्याला नऊ ठिकाणी दोरी ते वीट असे अंतर मोजायला लावले. कुठे १२, कुठे १५, एका कोपऱ्यात तर २२ भरले. सरासरी १६ आली. नऊ इंची भिंतीची एकच बाजू सरळ लागते, दुसरी बाजू विटेच्या लांबीतल्या फरकाने खालीवर होते, आणि ही आतली बाजू तीच होती. जाडी १६ धरताच रेती ३८ वरून ५० घनफुटांवर गेली. माझ्या मते सगळ्या अंदाजात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. दोरी लावायला अर्धा तास लागतो आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

पुढे विटांचे सांधे भरायला जाणारा आणि जमिनीवर पडून वाया जाणारा मसाला आला. त्यासाठी १५ टक्के वाढवले, तेव्हा सुकी रेती ५८ घनफूट झाली.

तरीही १७ घनफुटांचा फरक उरला. तेव्हा मामांनी शेजारच्या ढिगातली ओलसर रेती सरळ भिंतींच्या बादलीत न दाबता भरली. उंची ३० सेंटिमीटर. ती बाहेर काढून बादलीत अर्धे पाणी घेतले, तीच रेती परत टाकून काठीने ढवळली आणि बसू दिली. ती २४ वर येऊन थांबली. थोड्या ओलाव्याने कणांभोवती पाण्याचा थर बसून ते एकमेकांपासून दूर राहतात, म्हणून ओलसर रेती फुगलेली असते. पूर्ण बुडाली की फुगवटा निघून जातो. इथे २४ चे ३० झाले होते, म्हणजे फुगवटा २५ टक्के. ट्रॉलीतून येणारी रेतीही अशीच ओलसर असणार, म्हणून ५८ ची ७२ धरायची. चाळणीवर खडे आणि शिंपले उरतात, त्यांचे दोन-तीन घनफूट जोडले की पाऊण ब्रास पूर्ण होते.

हाच फुगवटा मसाला कालवतानाही लक्षात ठेवावा लागतो. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या फर्म्यात सिमेंटचे एक पोते जवळजवळ मावते. सुकी रेती असेल तर पोत्यामागे चार फर्मे पुरतात, पण या ओलसर रेतीचे पाच घ्यावे लागतील. चारच घेतले तर सिमेंट जास्त होऊन प्लास्टरवर केसासारख्या भेगा पडण्याची शक्यता वाढते. सिमेंटही नव्या जाडीनेच मोजायचे: या कामाला १२ पोती लागतात, भाच्याच्या पहिल्या हिशोबात ती आठच येत होती.

ट्रॉली आल्यावर मामांनी भाच्याला सळई दिली. रेती मधे उंच आणि कोपऱ्यात खोलगट असते, म्हणून चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागी सळई तळापर्यंत खुपसून खोली मोजायची, सरासरी काढायची आणि लांबी-रुंदीने गुणायची. भाच्याने मोजले तर ६८ घनफूट भरले, आणि उरलेल्या सात घनफुटांची रेती उतरवण्याआधीच मागितली गेली.