बँक खात्यात ५,००० कमी पडले तेव्हा

आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्याच्या भागीदारी विसर्जनाचं काम माझ्याकडे आलं. दोन भागीदार, नफा-तोटा ३:२. आकडे सोपे करून सांगतो.

ताळेबंदात यंत्रमाग ८५,०००, सूत-कापडाचा साठा ६०,०००, ऋणको ५०,००० आणि त्यातून वजा केलेला बुडीत कर्ज निधी ५,०००, बँकेत १०,०००. समोर धनको ४०,०००, पहिल्या भागीदाराने दिलेलं कर्ज २०,००० आणि भांडवलं ९०,००० व ५०,०००. जुने माग पुस्तकी किमतीला कोण घेणार? ६२,००० मिळाले. साठ्याचे ४२,०००, ऋणकोंकडून ४१,०००. वसुलीचा खर्च ५,०००. धनकोंना पूर्ण रक्कम दिली.

वसुली खात्यात ऋणको मी ४५,००० ने नेले आणि निधीचे ५,००० जमेलाही टाकले. तोटा ४५,००० आला, भांडवलांना लावला. शेवटी भागीदारांना ९५,००० द्यायचे होते आणि बँकेत ९०,०००च होते. सगळ्या बेरजा दोनदा तपासल्या, त्या बरोबर होत्या. सरांनी एवढंच विचारलं, "पाच हजारांचा आकडा ताळेबंदात कुठे दिसतो?" मग लक्षात आलं, की निधी मी दोनदा धरला होता. ऋणको पूर्ण ५०,००० ने नावे जातात आणि निधी वेगळा जमेला येतो. आता नावे बाजू १,९५,००० मालमत्ता, धनकोंना दिलेले ४०,००० आणि खर्च ५,००० मिळून २,४०,००० झाली. जमेला निधी ५,०००, धनको ४०,००० आणि विक्री-वसुली १,४५,०००, म्हणजे १,९०,०००. तोटा ५०,०००, वाटणी ३०,००० आणि २०,०००. भांडवलं उरली ६०,००० आणि ३०,०००, बँकेत बरोबर ९०,०००. म्हणून बँक खातं सर्वांत शेवटी बंद करा आणि फरक आला तर तोच आकडा ताळेबंदात शोधा.

पण बँक खातं एक चूक कधीच दाखवत नाही. पहिल्या मांडणीत भागीदाराचं कर्जही मी वसुली खात्यात नेलं होतं: २०,००० जमेला, फेडले तेव्हा २०,००० नावे; वरच्या बेरजांत ते धरलेलं नाही. तोटा बदलत नाही, शिल्लक जुळते, तरी मांडणी चूक. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४८ प्रमाणे आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांची कर्जं आणि त्यानंतर भांडवल. म्हणून हे कर्ज स्वतंत्र खात्यातून थेट बँकेतून फेडायचं. भागीदाराच्या पत्नीने स्वतःचे पैसे उसने दिले असतील तर ती मात्र बाहेरची धनको, तिचं देणं वसुली खात्यातच जातं. ताळेबंदात दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी दिसतात. कर्ज नेमकं कोणाच्या नावावर आहे ते पाहिल्याशिवाय पहिली नोंद करू नका.