आठ महिन्यांची नोकरी रिझ्युमेत कशी लिहायची

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी एचआरचं काम बघते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची डिप्लोमा झालेली मुलं पुण्याला जातात आणि वर्षाच्या आत परत येतात, असे रिझ्युमे माझ्या टेबलावर नेहमी असतात. त्यातली बहुतेक मुलं ती नोकरी लपवतात नाहीतर ताणून वर्षाची करतात. दोन्हींची गरज नसते.

खानापूरच्या माझ्या मामेबहिणीचंच घ्या. मेकॅनिकल डिप्लोमा करून ती चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला लागली, जुलै 2023 मध्ये. फेब्रुवारी 2024 मध्ये ऑर्डर घटली, एक शिफ्ट बंद झाली आणि त्या शिफ्टच्या मुलांना कमी केलं. घरी आल्यावर मला म्हणाली, "अक्का, चार महिने वाढवून जून लिहिते. वर्ष दिसतंय. कोण बघायलंय?"

बघतात. पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख चढते. पीएफच्या पोर्टलवर `View` मध्ये `Service History` उघडलं की दोन्ही समोर येतात. नव्या नोकरीतही तोच यूएएन द्यावा लागतो, आणि पडताळणी करणाऱ्या कंपन्या या पानाची प्रत मागतात. तारखा जुळल्या नाहीत तर आठ महिने कमी म्हणून कोणी नाकारत नाही, खोटं लिहिलं म्हणून नाकारतात. काही वेळा रुजू झाल्यावरसुद्धा काढतात. नुसती "2023–2024" एवढी वर्षं लिहिणंही मला पटत नाही. महिने का नाहीत, हा माझा पहिला प्रश्न असतो.

बहिणीचं ते पान उघडल्यावर दुसरीच गोष्ट दिसली. तिथे कारखान्याचं नाव नव्हतं, पुण्याच्या एका कंत्राटदाराचं होतं. पगाराची स्लिपही त्याचीच. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांच्या हे लक्षातच येत नाही. गेट कंपनीचं, गणवेश कंपनीचा, मग नाव कंपनीचंच लिहितात. पडताळणीवाला कंपनीला फोन करतो आणि तिथला एचआर सांगतो, या नावाचं आमच्याकडे कोणी नव्हतं. खरं काम केलेला माणूस खोटा ठरतो. म्हणून स्लिपवर वरती कोणाचं नाव आहे ते आधी बघायचं आणि रिझ्युमेत दोन्ही नावं द्यायची.

तिसरी अडचण कागदाची. कमी करताना तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला होता, त्यामुळे रिलीव्हिंग लेटरवर "राजीनामा दिला" असंच होतं. आता रिझ्युमेत "कंपनीने कमी केलं" एवढंच लिहिलं तर लेटरशी जुळत नाही. "चांगल्या संधीसाठी सोडली" लिहिलं तर ते सरळ खोटं. आम्ही दोन्ही खरं राहील अशी ओळ केली. रिझ्युमेत ती इंग्रजीत गेली, मराठीत अशी:

"ट्रेनी क्वालिटी इन्स्पेक्टर, (कारखान्याचं नाव), चाकण, (कंत्राटदाराचं नाव) यांच्यामार्फत. जुलै 2023 ते फेब्रुवारी 2024. ऑर्डर घटून शिफ्ट बंद झाल्याने कंपनीच्या सांगण्यावरून राजीनामा."

कारण एका ओळीपेक्षा जास्त लांबवू नका. मालकाची तक्रार तर नकोच. खालची जागा कामाला द्या. तिने आधी "सीएमएम चालवलं", म्हणजे पीसची मापं घेणारं मशीन चालवलं, असं लिहिलं होतं. मी विचारलं, प्रोग्रॅम तू लावत होतीस? नाही, ऑपरेटरला पीस लावून देत होते, म्हणाली. मग "सीएमएम ऑपरेटरला मदत" असं केलं. मायक्रोमीटर आणि बोअर गेजने पहिल्या पीसची तपासणी, लाईनवरचा तासातासाचा रिपोर्ट भरणं, हे तिने रोज स्वतः केलं होतं. ते वर घेतलं. मुलाखतीत बोअर गेज हातात दिला तर ती झिरो सेट करून दाखवू शकत होती. आठ महिन्यांच्या माणसाकडून आम्हाला तेवढंच हवं असतं.

दोन-तीन महिन्यांची, या कामाशी संबंध नसलेली नोकरी रिझ्युमेतून गाळली तर ते खोटं होत नाही, काय घ्यायचं ते आपण निवडतो. पण कंपनीचा छापील अर्ज वेगळा. त्यात आधीच्या सगळ्या नोकऱ्या विचारतात आणि खाली "माहिती खरी आहे" म्हणून सही घेतात. तिथे काहीच गाळायचं नाही.

आणि `Service History` मध्ये सोडल्याची तारीख कोरी नाही ना, ते बघून घ्या. कंत्राटदार ती भरायला विसरतात, मग जुनी नोकरी अजून चालूच आहे असं दिसतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की `Manage` मधल्या `Mark Exit` ने ती तारीख स्वतः टाकता येते. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून पुण्यातलं जुनं सिम बंद करण्याआधी आधारला कुठला नंबर आहे ते तपासा.