फाईलमध्ये एक ओळ, ब्राउझरमध्ये दोन: डेव्हलपरला डिझाइन देताना या चुका टाळा

फ्रीलान्स डिझायनर फाईल देऊन पुढच्या कामाला लागला, की डेव्हलपरकडे विचारायला माणूस उरत नाही. फाईलमध्ये जे सांगितलेलं नाही ते तो आपल्या सवयीने भरून काढतो. त्यामुळे "मी काढलं होतं तसं झालंच नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा डेव्हलपरचा आळस नसतो. फाईलमध्ये स्क्रीनचं फक्त एक चित्र होतं, ती स्क्रीन वेगवेगळ्या परिस्थितीत कशी वागेल याचे नियम नव्हते.

उदाहरणासाठी फिग्मातलं एकच कार्ड घेऊ. ऑर्डरच्या यादीतलं, अगदी साधं. ३७५ रुंदीच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना १६ मोकळे सोडून कार्डाला मिळतात ३४३. आत सगळीकडून १६ पॅडिंग. डावीकडे ७२ बाय ७२ चं चित्र, मग १२ ची जागा, आणि उजवीकडे मजकूर: २४ उंचीच्या ओळीचं शीर्षक, खाली ४ सोडून २० उंचीची तारीख, त्याखाली ८ सोडून २४ उंचीचा स्थितीचा बॅज. कार्डाला १ पिक्सेलची राखाडी बॉर्डर. मजकुराची उंची झाली ८०, वरखाली पॅडिंग धरून कार्ड ११२.

बॉर्डरने खाल्लेले दोन पिक्सेल

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक हीच, कारण फाईलमध्ये ती दिसतच नाही. फिग्माच्या ऑटो लेआउटमध्ये बॉर्डर मुळात जागा घेत नाही, ती पॅडिंगवरच काढली जाते. म्हणून मजकुराला उरतात ३४३ वजा ३२ वजा ८४, म्हणजे २२७. ब्राउझरमध्ये मात्र बॉर्डर स्वतःची जागा घेते आणि पॅडिंग तिच्या आत सुरू होतं. डेव्हलपरने तुमचेच आकडे जसेच्या तसे लिहिले तरी मजकुराला २२५ च मिळतात.

दोन पिक्सेलने काय बिघडतं? एखादं शीर्षक २२६ रुंद असेल तर फाईलमध्ये ते एका ओळीत बसतं आणि ब्राउझरमध्ये शेवटचा शब्द खाली उतरतो. कार्ड एकदम २४ ने वाढतं. वर बॉर्डरचे वरखालचे दोन धरले तर ११२ ऐवजी १३८. यादीत असं एखादंच कार्ड उंच दिसलं की डिझायनरला वाटतं स्पेसिंग चुकलं, डेव्हलपर आपले आकडे तपासतो, ते बरोबर निघतात, आणि दोघं दिवसभर एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवत बसतात.

उपाय सोपा आहे. ऑटो लेआउटच्या जास्तीच्या सेटिंग्जमध्ये `Strokes` हा पर्याय आहे, तो `Included` करा. आता फाईलसुद्धा ब्राउझरसारखंच मोजेल आणि शीर्षक तिथेच, तुमच्या डोळ्यांदेखत तुटेल. कार्डाच्या कडेपासून मजकुरापर्यंत बरोबर १६ च हवे असतील, तर पॅडिंग १५ करा. दिसायला आकडा विचित्र आहे, पण हेतू स्पष्ट आहे. काही जण बॉर्डरऐवजी आतल्या बाजूची सावली वापरायला सांगतात, तीही जागा घेत नाही. कुठलंही चालेल, पण ठरवायचं तुम्ही आणि लिहायचंही तुम्ही.

रुंदी ठोकून बसवणं

मजकुराचा लेअर ओढून हवा तेवढा रुंद केला की फिग्मा त्याला `Fixed` करून टाकतं. ३७५ च्या फ्रेममध्ये काही फरक दिसत नाही. पण डेव्हलपरला तपासणीच्या पॅनलमध्ये `width: 227px` दिसतं आणि तो तेच लिहितो. पुढे ३२० रुंदीच्या फोनवर कार्डाला मिळतात २८८, मजकुराला १७२, आणि तुमचा २२७ चा चौकोन ५५ ने बाहेर जातो. ४३० च्या फोनवर उलटं होतं: जागा २८२ ची असूनही शीर्षक २२७ लाच तुटतं आणि उजवीकडे पट्टा रिकामा राहतो.

खरा हेतू "चित्र ७२ चं राहील, उरलेली सगळी जागा मजकुराची" असा होता. तो फाईलमध्ये असाच मांडता येतो: चित्र `Fixed`, मजकुराचा गट `Fill container`, त्यातलं शीर्षकही `Fill container`, आणि बॅज `Hug contents`. कार्डाची उंची नेहमी `Hug contents` ठेवा. ११२ हा आकडा मजकुरातून आलेला आहे, तो कुठेही ठोकू नका.

चाचणी अशी करा. फ्रेमची कड धरून ती ३२० पर्यंत आत ओढा, मग ४३० पर्यंत बाहेर. काही एकमेकांवर चढलं, कापलं गेलं किंवा मधेच तरंगत राहिलं, तर तेवढी जागा तुम्ही डेव्हलपरच्या अंदाजावर सोडली आहे. फ्रेम अशी ताणून बघितल्याशिवाय फाईल पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे लेअर सुबक नावांनी रचले आणि ही चाचणी केली नाही, तर ती नावं फारशी कामाला येत नाहीत.

फक्त गोड मजकूर भरणं

डिझाइनमधलं शीर्षक नेहमी नेमकं बसणारं असतं. खऱ्या यादीत ते तीन ओळींचं येतं, कधी चित्रच येत नाही, कधी स्थितीचा शब्द इतका लांब असतो की बॅज दोन ओळींत मोडतो. यातलं काहीच फाईलमध्ये नसेल तर ब्राउझर आपल्या मनाने ठरवतो.

शीर्षकावर `Truncate text` लावा आणि कमाल ओळी २ द्या. डेव्हलपरच्या बाजूला त्याचं रूप साधारण असं होतं:

```css
.order-title {
  display: -webkit-box;
  -webkit-box-orient: vertical;
  -webkit-line-clamp: 2;
  overflow: hidden;
}
```

यातल्या शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. चौकोनाबाहेर गेलेलं सगळं ती कापते. मजकूर देवनागरीत असेल आणि ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने घट्ट ठेवली असेल, तर शेवटच्या ओळीतले उकार खालून कापले जाऊ शकतात. ज्या लिपीत मजकूर येणार, त्याच लिपीतलं सगळ्यात वाईट शीर्षक भरून बघा.

मग त्याच कार्डाच्या चार-पाच प्रती शेजारी ठेवा: लांब शीर्षक, चित्र नसलेलं, रद्द झालेली ऑर्डर, माहिती येईपर्यंतची राखाडी अवस्था, बोट दाबलेलं किंवा कीबोर्डने निवडलेलं. प्रत्येकाखाली एक वाक्य पुरतं. "बॅजमधला शब्द तुटणार नाही, जागा कमी पडली तर बॅज चित्राखाली पूर्ण ओळ घेईल." "चित्र नसेल तर तीच ७२ ची जागा, हलका राखाडी रंग, मध्ये आयकॉन." असं लिहिताना लक्षात येतं की काही गोष्टी आपण ठरवल्याच नव्हत्या. ते फाईल देण्याआधी कळलेलं बरं.

अक्षरांचं वजन आणि ओळीची उंची

ओळीची उंची `Auto` वर ठेवली तर कोडमध्ये `line-height: normal` येतं. म्हणजे उंची फॉन्ट ठरवणार. तुमचा फॉन्ट लोड व्हायच्या आधी किंवा लोड झालाच नाही तर पर्यायी फॉन्ट आपली वेगळी उंची घेऊन येतो आणि सगळं कार्ड वरखाली होतं. प्रत्येक मजकूर-स्टाइलला आकडा द्या: शीर्षक १६ ला २४, तारीख १४ ला २०.

वजनाचा घोटाळा आणखी गमतीचा आहे. समजा शीर्षक तुम्ही ५०० वजनात ठेवलं आणि बॅज ६०० मध्ये, पण डेव्हलपरने फॉन्टच्या ४०० आणि ७०० याच दोन फाईल्स घेतल्या. ब्राउझर त्रुटी दाखवत नाही, गुपचूप जवळचं वजन निवडतो. त्याचा नियम ठरलेला आहे: ५०० नसेल तर ४०० घेतो, ६०० नसेल तर ७००. परिणामी शीर्षक फिकं पडतं, बॅज जाड होतो, आणि पडद्यावरचा तोलच बिघडतो. रुंदीही बदलते, म्हणजे ओळ कुठे तुटणार तेही बदलतं. फाईलच्या पहिल्या पानावर फॉन्टचं नाव, वापरलेली वजनं आणि तो कुठून घ्यायचा, एवढं लिहिलं की हा प्रश्न उरत नाही. परवाना ग्राहकाने घ्यायचा असेल तर तेही तिथेच लिहा. ऐनवेळी परवाना नाही म्हणून दुसराच फॉन्ट लागला, तर वरचे सगळे हिशेब पाण्यात.

थोडक्यात निस्तरण्यासारख्या चुका

आयकॉन पाठवताना आतली रेषाकृती निवडून एक्स्पोर्ट केली, तर १८ बाय १५ ची फाईल जाते आणि बॅजमध्ये आयकॉन सरकलेला दिसतो. निवडायची ती २४ बाय २४ ची बाहेरची फ्रेम, म्हणजे भोवतीची मोकळी जागाही सोबत जाते.

तारखेचा रंग फिका करायला लेअरची अपारदर्शकता ६० टक्के केली असेल, तर डेव्हलपर रंगाच्या रकान्यात काळा बघतो आणि काळाच लिहितो. फिकेपणा रंगातच घाला आणि त्याला `text/secondary` असं व्हेरिएबलचं नाव द्या.

जुन्या प्रती वेगळ्या पानावर हलवा. "फायनल", "फायनल २" आणि "हेच वापरा" अशी तीन कार्डं एका पानावर असतील तर चुकीचं उचललं जाण्याची शक्यता तुम्हीच तयार केली. फाईल दिल्यावर तिच्यात गुपचूप बदल करू नका. आवृत्तीला नाव देऊन जतन करा आणि काय बदललं ते डेव्हलपरला कळवा.

तयार झालेलं जुळत नसेल तर

स्क्रीनशॉटवर लाल बाण काढण्याआधी क्रोममध्ये पान उघडा, झूम १०० टक्के आहे ना ते बघा, आणि त्या घटकावर उजवं क्लिक करून `Inspect` करा. `Computed` मध्ये रुंदी, पॅडिंग, बॉर्डर वेगवेगळे दिसतात. त्याच यादीच्या तळाशी `Rendered Fonts` मध्ये प्रत्यक्षात कुठला फॉन्ट लागला ते कळतं.

मजकूर सगळ्या बाजूंनी एकसारखा एकेक पिक्सेल आत सरकला असेल तर बॉर्डरचा संशय घ्या. फक्त उंची वेगळी असेल तर ओळीची उंची किंवा पर्यायी फॉन्ट. अक्षरं जाड किंवा बारीक वाटत असतील तर कुठली वजनं लोड झाली ते विचारा. एका रुंदीवर बरोबर आणि दुसऱ्या रुंदीवर मोडत असेल तर फाईलमधलं `Fixed` आधी शोधा, बहुधा ते तुमचंच असतं. कारण सापडलं की डेव्हलपरला स्क्रीनशॉटसोबत आकडा पाठवा: "मजकुराची रुंदी २२५ येते, २२७ हवी, पॅडिंग १५ करा."

एक गोष्ट मात्र दुरुस्त करायला सांगू नका. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम अक्षरांच्या कडा वेगवेगळ्या पद्धतीने रंगवतात, त्यामुळे तोच फॉन्ट, तेच वजन असूनही एकीकडे किंचित जाड, दुसरीकडे बारीक दिसतो, आणि शब्दाची रुंदी पिक्सेलच्या अंशाने हलते. हा फरक डेव्हलपरच्या हातातला नाही. म्हणून शीर्षकाला एका ओळीत नेमकं कोंबून बसवण्यापेक्षा थोडी जागा मोकळी ठेवा, नाहीतर दुसऱ्या ओळीची सोय फाईलमध्येच करून द्या.