ऑफर स्वीकारण्याआधी मेडिक्लेम आणि रजेबद्दल विचारताना या चुका टाळा

पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या कंपनीतून फोन येतो, पगार ठरतो, आणि शेवटी आपण विचारतो, "मेडिकल इन्शुरन्स आहे ना?" रिक्रूटर म्हणतो, "हो, तीन लाखांचा आहे." तिथंच बोलणं संपतं. पहिली चूक हीच. फोन करणारा बरेचदा कन्सल्टन्सीचा माणूस असतो आणि कंपनीची पॉलिसी त्यानं पाहिलेलीही नसते. "आहे का" असं विचारलं की "आहे" एवढंच उत्तर मिळणार.

आपल्याकडे बहुतेकांचे आईवडील बेळगाव, खानापूर, निपाणीला आणि नोकरी बाहेरगावी असते. म्हणून पहिला प्रश्न आईवडिलांचा हवा. अनेक कंपन्यांच्या पॉलिसीत फक्त कर्मचारी, पती किंवा पत्नी आणि दोन मुलं असतात. आईवडिलांना घ्यायचं तर वेगळा हप्ता पगारातून कापला जातो, आणि नावं देण्याची मुदत साधारणपणे जॉइन झाल्यापासून ३० दिवसांची असते. ती चुकली की पॉलिसीच्या पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. विचारताना हप्ता किती हे विचाराच, पण आधीपासून असलेला शुगर-बीपीसारखा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो का, हेही विचारा. बऱ्याच ग्रुप पॉलिसीत तो धरतात, पण सगळ्याच धरत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे फक्त "तीन लाख" हा आकडा ऐकून समाधान मानणं. खरा खर्च वाढतो तो खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे. समजा, मर्यादा रोज विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. वडिलांना ४,५०० रुपये भाड्याच्या खोलीत पाच दिवस ठेवलं आणि बिल १,२०,००० झालं. त्यात खोली २२,५००, औषधं ३०,००० आणि डॉक्टर, ऑपरेशन, नर्सिंग मिळून ६७,५००. आपल्याला वाटतं, खोलीचे वरचे ७,५०० भरले की झालं. पण ज्या पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असते, तिथं डॉक्टर आणि ऑपरेशनच्या खर्चालाही ४,५०० पैकी ३,००० हेच, म्हणजे दोन-तृतीयांश प्रमाण लागतं. म्हणजे खोलीचे १५,०००, डॉक्टर-ऑपरेशनचे ४५,००० आणि औषधांचे पूर्ण ३०,००० असे ९०,००० मंजूर होतात. त्यावर आईवडिलांसाठी २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा, असेल तर हातात ७२,०००. घरातून जातात ४८,०००. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा, प्रमाणशीर कपात आणि को-पे, हे तीन शब्द थेट विचारा.

कॅशलेसचंही तसंच. विमा कंपनी आणि तिच्या वतीनं क्लेम हाताळणारी टीपीए संस्था यांची नावं मागून घ्या आणि त्यांच्या वेबसाइटवर बेळगावचा पिनकोड टाकून नेटवर्क हॉस्पिटल्स पाहा. ५९०००१ टाकून तुमचं नेहमीचं हॉस्पिटल सापडलं नाही, तर आधी पैसे भरून, मूळ बिलं जपून नंतर क्लेम करावा लागेल. उपचाराला कोल्हापूर किंवा मिरजेला जात असाल, तर तिथले पिनकोडही पाहून घ्या.

उद्यमबाग किंवा मच्छेच्या कारखान्यात नोकरी मिळत असेल तर प्रश्न वेगळा. ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचं ईएसआय कापलं जातं: तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. त्यात अवलंबून असलेले आईवडीलही येतात. ऑफर २१,५०० ची असेल तर "ईएसआय नाही, मग कंपनीची पॉलिसी कोणत्या तारखेपासून?" असं विचारा. हजार-पाचशेच्या वाढीत दोन्ही हातचं जाऊ नये.

रजेबाबत एकच गोष्ट नीट विचारा: "वर्षाला २४" या आकड्यात सणांच्या सुट्ट्या धरल्यात का, आणि प्रोबेशनमध्ये त्यातल्या किती घेता येतात? जुन्या कारखाना कायद्यात भरपगारी रजेसाठी २४० दिवस भरावे लागत; नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत १८० दिवस भरल्यावर दर २० दिवसांना एक अशी रजा मिळते. त्यामुळे जूनमध्ये लागलेल्याला पहिल्या गणपतीला गावी यायचं तर वेगळी परवानगी लागू शकते. दुकानं-आस्थापनांचे रजेचे नियम नोकरी ज्या राज्यात त्या राज्याचे असतात, मुख्य कार्यालय कुठंही असो.

हे सगळं ऑफर लेटर हातात आल्यावर आणि होकार कळवण्याआधी, ईमेलवर विचारा. मजकूर एवढाच पुरे: "ऑफरबद्दल आभार. कृपया मेडिक्लेमची माहिती पाठवाल का? आईवडिलांचा समावेश आणि हप्ता, खोलीभाड्याची मर्यादा, को-पे, टीपीएचं नाव. तसंच प्रोबेशनमधील रजा आणि विम्याचा हप्ता सीटीसीत धरला आहे का, तेही कळवावं." "जॉइन झाल्यावर सगळं सांगतील" असं उत्तर आलं, तर एचआरचा ईमेल मागा आणि त्यांना तेच पाठवा. तिकडूनही लेखी काही आलं नाही, तर आईवडिलांची चालू पॉलिसी बंद करू नका. ती एकदा तुटली की नव्या पॉलिसीत जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो.