विहिरीच्या पाण्याचा टीडीएस मोजण्यापूर्वीची तयारी

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांसारख्या पदार्थांचे एकूण प्रमाण, पण हातातला टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका गुणकाने गुणून आकडा दाखवतो. म्हणून आपल्या मीटरमध्ये 0.5 बसवला आहे की 0.7, हे माहितीपत्रकात आधी पाहावे आणि सोय असेल तर पडद्यावर थेट वाहकताच ठेवावी. मीटर 1413 मायक्रोसिमेन्स प्रति सेंमीच्या प्रमाणित द्रावणात, द्रावण 25 अंशांवर असताना, तपासून घ्यावा. तापमान एका अंशाने वाढले की वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे तापमानाची दुरुस्ती आपोआप होते का, हेही पाहून ठेवावे.

त्यानंतर पाण्यात प्रामुख्याने कोणते क्षार आहेत, याची माहिती मिळवावी, कारण गुणक त्यावरच ठरतो. दख्खनच्या बेसाल्टमधील विहिरींत बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट आणि थोडी सिलिका असते, तर खाऱ्या पाण्याचा शिरकाव झालेल्या किनारी विहिरीत मीठ असते. वजनाच्या हिशेबाने बायकार्बोनेट क्लोराइडच्या जेमतेम एक तृतीयांश वीज वाहून नेते, आणि सिलिका साध्या पिण्याच्या पाण्यात विद्युतभाररहित असल्याने मीटरला जवळजवळ दिसतच नाही.

उदाहरणादाखल एका लिटरमध्ये 100 मिग्रॅ कॅल्शियम, 305 मिग्रॅ बायकार्बोनेट आणि 40 मिग्रॅ सिलिका असलेले पाणी घेऊ. त्याची वाहकता सुमारे 460 येईल आणि 0.5 गुणकाचा मीटर 230 दाखवेल. इतक्याच वाहकतेच्या निव्वळ मिठाच्या पाण्यात क्षार सुमारे 225 मिग्रॅ असतात, म्हणजे तिथे मीटर बरोबर ठरतो. आपल्या पाण्यात मात्र घटकांची सरळ बेरीज 445 होते. पण प्रयोगशाळा तेच पाणी गाळून, आटवून, 180 अंशांवर सुकवते तेव्हा बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते, कार्बन डायऑक्साइड व वाफ उडून जाते, 305 चे 150 उरतात आणि अवशेष सुमारे 290 भरतो. पाणी एकच असून गुणक एका हिशेबाने 0.97 आणि दुसऱ्याने 0.63 निघतो, अहवाल हाती घेताना सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो, असे माझे मत आहे.

म्हणून नमुना देतानाच टीडीएस सुकवून काढणार की घटकांच्या बेरजेने, हे लेखी विचारावे. त्याच बाटलीतल्या पाण्याची वाहकता आपण मोजून तारखेसह नोंदवावी आणि सुकवलेल्या अवशेषाला तिने भागून त्या विहिरीचा स्वतःचा गुणक काढावा. भारतीय मानक 10500 मधील 500 मिग्रॅच्या स्वीकार्य मर्यादेजवळ हा फरक निर्णय बदलू शकतो: 0.5 वर 480 दाखवणाऱ्या मीटरमागे वाहकता 960 असते आणि 0.63 ने टीडीएस 605 होतो. पावसाळ्यात पाण्यातील क्षारांचे प्रमाण बदलते, तेव्हा उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यानंतरचा असे दोन नमुने वेगवेगळे द्यावेत आणि शेजारच्या विहिरीचा गुणक आपल्या विहिरीला लावू नये.