पोटरी दुखेपर्यंत चाला: पायाच्या धमनीचा आजार आणि चालण्याचा उपचार

“पाय दुखतो ना, मग चालू नका.” माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या निदान सात पेशंटना हा सल्ला आधीच कुणीतरी दिलेला असतो. शेजाऱ्याने, मुलाने, कधी कधी डॉक्टरनेसुद्धा. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांना ट्रेडमिलवर चालवणं हे माझं रोजचं काम. या एका आजारात तो सल्ला बरोबर उलटा आहे. मात्र ‘मग चालत राहा’ एवढं सांगूनही भागत नाही. कसं चालायचं, कुठे थांबायचं आणि किती वेळ बसायचं यातच सगळा उपचार आहे.

आधी दुखणं ओळखा

आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज, थोडक्यात पीएडी. पायाकडे रक्त नेणारी धमनी आतून चरबीच्या थरांनी अरुंद होते. बसल्या जागी पुरेल इतकं रक्त पोचतं, पण चालायला लागल्यावर पोटरीच्या स्नायूची मागणी वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो. मग पोटरीत गोळा येतो, पाय जड होतो. माणूस उभा राहतो आणि काही मिनिटांत दुखणं ओसरतं. पुन्हा चालायला लागलं की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. जर्मनीत याला ‘दुकानाच्या काचेचा आजार’ म्हणतात, कारण माणूस काहीतरी पाहतोय असं दाखवत थांबतो. आपल्याकडे मोबाईल काढतात.

कमरेची नस दबल्यावरही चालताना पाय दुखतात आणि लोक महिनोन्‌महिने तिथेच अडकतात. फरक साधा आहे. धमनीचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. नसेच्या दुखण्याला बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. नसवाल्याला चढ चढणं त्यामानाने सोपं जातं, धमनीवाल्याला चढावर लवकर दुखतं. दोन्ही एकाच माणसात असू शकतं, म्हणून पुढची मोजणी टाळू नका.

आणि हे माझ्याकडे नाही, थेट व्हॅस्क्युलर सर्जनकडे न्यायचं: रात्री झोपेत पाऊल ठणकणं आणि पाय पलंगाखाली लोंबकळत सोडल्यावर बरं वाटणं, बोटांवरची न भरणारी जखम, काळं पडलेलं बोट. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडला तर सकाळची वाटसुद्धा पाहू नका. काही तासांतच तो पाय गमवायची वेळ येऊ शकते.

एबीआय मोजून घ्या, पण नीट

अँकल-ब्रॅकियल इंडेक्स म्हणजे घोट्यापाशी मोजलेला वरचा रक्तदाब भागिले दंडाचा वरचा रक्तदाब. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्त असतो. गुणोत्तर १.०० ते १.४० असलं तर ठीक. ०.९० किंवा कमी आलं तर पीएडी. मधलं ०.९१ ते ०.९९ काठावरचं, लक्षणं तशीच असतील तर चालवून लगेच पुन्हा मोजतात.

पेशंटने पाच-दहा मिनिटं उताणं शांत पडायचं. त्याआधी दोन तास विडी-सिगारेट नाही. दोन्ही दंडांवर मोजायचं, मग दोन्ही घोट्यांच्या वर कफ बांधून प्रत्येक पायाच्या दोन धमन्यांवर, एक पावलाच्या पाठीवरची आणि एक आतल्या घोट्यामागची, डॉपलरच्या पेन्सिलीने आवाज ऐकायचा. घरचं डिजिटल बीपी मशीन घोट्याला बांधून आकडा काढणारे मी पाहिलेत. दाब कमी असलेल्या पायात ते मशीन चुकतं, म्हणजे नेमकं जिथे हवं तिथेच.

एक उदाहरण. एसटीतून निवृत्त झालेले ६३ वर्षांचे काका, तीस वर्षं विडी. उजवा दंड १४६, डावा १३८. उजव्या पायाच्या धमन्या ९२ आणि ९८, डाव्याच्या १४० आणि १४८. प्रत्येक पायाचा मोठा आकडा घ्यायचा आणि दोन दंडांतल्या मोठ्याने भागायचा. उजवा ९८ भागिले १४६, म्हणजे ०.६७. डावा १४८ भागिले १४६, म्हणजे १.०१. काकांच्या आधीच्या रिपोर्टात फक्त डावा दंड धरला होता, त्यामुळे उजव्याचा आकडा ०.७१ आला होता. इथे निदान बदललं नाही, पण काठावरच्या पेशंटमध्ये एवढ्या फरकाने आजार लपतो.

जुन्या मधुमेहात किंवा किडनीच्या आजारात धमनीच्या भिंतीत चुना साठतो. कफने ती दबतच नाही आणि आकडा १.४० च्या वर जातो. लोक म्हणतात, वा, रक्तपुरवठा भरपूर! तसं नाही. त्या आकड्याला काही अर्थच नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा, कारण बोटांच्या बारीक धमन्या सहसा कडक होत नाहीत.

चालण्याआधी

हृदयाची तपासणी, तळव्यांवर जखम नाही याची खात्री, बंद बूट. तंबाखू बंद, स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टर सांगतील तशी.

चालणं: इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकले

नियम असा. वेग असा ठेवायचा की पहिलं दुखणं तीन ते पाच मिनिटांत सुरू होईल. सुरू झालं की थांबायचं नाही. दुखणं मध्यम ते बऱ्यापैकी जोराचं होईपर्यंत चालायचं. मग खुर्चीत बसायचं, ते पूर्ण जाईपर्यंत. मग पुन्हा चालायचं. बसण्याचा वेळ सोडून प्रत्यक्ष चालणं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, किमान १२ आठवडे.

कागदावर चार ओळी आहेत. सुरुवातीच्या काळात मी त्या वाचल्या होत्या, तरी माझा हात स्टॉपच्या बटणावरच असायचा. पेशंटचा चेहरा आक्रसला की मी मशीन बंद करायची. मला वाटायचं दुखणं म्हणजे इजा. तीन महिने इमानदारीने येणाऱ्या एका मावशींचं अंतर शेवटी होतं तेवढंच राहिलं. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण माझ्या लक्षात आलं की मी त्यांना तीन महिने नुसतं फिरवून आणलं.

पुढे २०२१ मध्ये शिकागोच्या मेरी मॅकडरमॉट यांच्या गटाचा अभ्यास आला. ३०५ पेशंट, एक वर्ष. दुखेल असं चालणाऱ्यांचं अंतर वाढलं. दुखू न देता आरामात चालणाऱ्यांना काही न करणाऱ्यांपेक्षा फारसा फायदा झाला नाही. तेव्हापासून ‘झेपेल तेवढंच चाला’ हे वाक्य मी माझ्या खोलीत कुणाला उच्चारू देत नाही.

दुखणं मोजायला मी पाच आकडे वापरते. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे आत्ता चाहूल लागली, ३ मध्यम, ४ जोराचं, ५ म्हणजे आता पाऊल टाकवत नाही. ३ ते ४ ला थांबायचं. २ ला थांबलात तर स्नायूला निरोपच पोचला नाही. ५ पर्यंत ओढलंत तर विश्रांती इतकी लांबते की पुढच्या फेऱ्या होतच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही.

विश्रांतीत उलटी घाई असते. दुखणं निम्मं उतरलं की पुरुष मंडळी उठून उभी राहतात. उरलेलं दुखणं घेऊन निघाल्यावर पुढची फेरी मिनिटभरात संपते आणि ‘आज पाय वाईट आहे’ असा निष्कर्ष निघतो. पाय वाईट नसतो, पाच मिनिटं कमी बसलेले असतात.

तिसरी चोरी हातांची. ट्रेडमिलचा कठडा घट्ट धरला की शरीराचं वजन हातांवर जातं आणि पोटरीला सूट मिळते. वहीतले आकडे झकास दिसतात, रस्त्यावर माणूस तिथल्या तिथेच. तोल जात असेल तर दोन बोटं टेकवा, बस. याच तीन गोष्टी पाहायला देखरेख लागते. उपकरणाचं त्यात काही मोठं नाही.

पोटरी दुखली तर चाला, पण छाती भरून आली, डाव्या हातात कळ गेली किंवा चक्कर आली तर त्याच क्षणी थांबा. तिथे आकडे मोजत बसायचं नाही.

काकांचं सांगते. पहिल्या दिवशी ताशी ३.२ किलोमीटरला दोनच मिनिटांत दुखायला लागलं. हे फार लवकर, म्हणून वेग २.६ केला. मग साडेतीन मिनिटांनी चाहूल, सहाव्या मिनिटाला ४. सात मिनिटं बसले. त्या दिवशी एकूण चालणं १७ मिनिटं झालं आणि मी तिथेच थांबवलं. दर आठवड्याला मिनिटं वाढवत पाचव्या आठवड्यात ३५ झाली. न थांबता आठ-दहा मिनिटं जमायला लागली की आधी चढ २ टक्के करायचा. हळू चालणाऱ्यांचा आधी वेग वाढवायचा. काकांचाही आम्ही आधी ३.२ वर आणला, मग चढ दिला. बाराव्या आठवड्यात ३.२ च्या वेगाने, सपाटीवर, चाहूल सात मिनिटांनी आणि थांबणं तेराव्या मिनिटाला.

मग त्यांनी हौसेने एबीआय पुन्हा करून घेतला. ०.६८. चेहरा पडला.

हे पेशंटला मी आता पहिल्याच दिवशी सांगते. चालण्याने धमनीतला अडथळा विरघळत नाही, आणि एबीआय सहसा हलत नाही. बदलतो तो स्नायू: मिळालेल्या रक्तातला प्राणवायू तो जास्त चांगला वापरायला लागतो, बारीक रक्तवाहिन्या नीट उघडतात, चालण्याची ढब सुधारते. म्हणून प्रगती मोजायची ती मिनिटांत आणि मीटरमध्ये. कमरेजवळच्या धमनीच्या अडथळ्यावर अमेरिकेत झालेल्या ‘क्लेव्हर’ अभ्यासातही सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर जास्त वेळ चालले ते स्टेंटवाले नव्हेत, देखरेखीखाली चालणारे होते. जखम किंवा रात्रीचा ठणका असेल तर मात्र स्टेंट किंवा बायपासला चालणं हा पर्याय नाही.

जवळ सेंटर नसेल तर

शाळेचं मैदान किंवा सपाट रस्ता घ्या, बसायला जागा असलेला. विजेचे खांब मोजा. वहीत तीन रकाने: चाहूल कितव्या खांबाला, थांबलो कितव्या खांबाला, बसलो किती मिनिटं. वेग कमी पडत असेल तर चाहूल लागायला उशीर होतो. पाचव्या मिनिटापर्यंत काहीच नाही तर पावलं जलद टाका. आठवड्यातून एकदा ती वही कुणाला तरी फोनवर वाचून दाखवायची. काका अजून दर रविवारी मला दाखवतात. गेल्या वेळी थांबण्याचा रकाना रिकामा होता. विचारलं तर म्हणाले, “रस्ताच संपला.” पुढच्या आठवड्यापासून त्यांना चढाचा रस्ता दिलाय.